भाषणात दुसऱ्याचं संशोधन सांगताना नाव कसं घ्यायचं (अख्खा रेफरन्स न वाचता)

प्रेझेंटेशनमध्ये दुसऱ्याचं संशोधन सांगायची वेळ आली की नवीन माणसं साधारण दोनपैकी एक काहीतरी करतात. एक तर "संशोधनातून सिद्ध झालंय की..." असं म्हणून मोकळी होतात, म्हणजे कोणाचं संशोधन, कधीचं, कोणावर केलेलं, काही पत्ता नाही. नाहीतर रिपोर्टच्या शेवटी जो रेफरन्स लिहिलाय तो जसाच्या तसा वाचायला घेतात, आणि वाचून होईपर्यंत समोरचे लोक मोबाइल काढतात.

मी इथे एकच पेपर धरून सगळं करून दाखवतो, म्हणजे नुसत्या सूचना राहणार नाहीत. समजा तुम्हाला अभ्यास कसा करावा यावर दहा मिनिटं बोलायचंय आणि त्यात एक मुद्दा आहे की पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःची परीक्षा घेतली तर जास्त काळ लक्षात राहतं. याला आधार म्हणून तुमच्याकडे रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा पेपर आहे. लेखी रेफरन्स वाचला तर तो असा ऐकू येईल: "रोडिगर एच. एल. आणि कार्पिकी जे. डी., दोन हजार सहा, टेस्ट एन्हान्स्ड लर्निंग, टेकिंग मेमरी टेस्ट्स इम्प्रूव्ह्ज लाँग टर्म रिटेन्शन, सायकॉलॉजिकल सायन्स, खंड सतरा, अंक तीन, पान दोनशे एकोणपन्नास ते दोनशे पंचावन्न." एवढं ऐकून समोरच्याला काय मिळालं? खंड नि पान नंबर हे पेपर शोधायला असतात, आणि बसल्या जागी कानाने ऐकून कोणी पेपर शोधत नाही. त्याला तेव्हा फक्त एवढंच ठरवायचं असतं की या गोष्टीवर किती विश्वास ठेवू, आणि त्यासाठी लागणारी माहिती वरच्या वाचनात जवळजवळ नाहीच! प्रयोग कोणावर केला ते नाही, कसा केला ते नाही, ही माणसं कोण तेही नाही.

तर पहिलं काम, स्लाइड उघडायच्या आधी पेपर उघडा आणि एका कागदावर चार गोष्टी तुमच्या शब्दात लिहा. कोणी केलं आणि ते लोक कोण आहेत. कधी. कोणावर आणि काय करून बघितलं. आणि काय निघालं. हे पेपरमधून लिहायचं, त्याबद्दलच्या बातमीतून किंवा कोणाच्या तरी पोस्टमधून नाही, का ते पुढे येतंय. आपल्या पेपरचं असं होईल: स्मरणावर काम करणारे दोन मानसशास्त्रज्ञ, अमेरिकेत सेंट लुईस इथली वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी. २००६. कॉलेजचे १२० विद्यार्थी, प्रत्येकाने एक छोटा उतारा दोनदा वाचला आणि दुसरा उतारा एकदाच वाचून मग आठवेल तेवढा लिहून काढला, नंतर काहींना पाच मिनिटांनी, काहींना दोन दिवसांनी आणि काहींना आठवड्याने परत आठवायला लावलं. आठवड्यानंतर दोनदा वाचलेल्या उताऱ्यातलं साधारण ४२ टक्के आठवत होतं, लिहून काढलेल्यातलं ५६ टक्के.

हे लिहितानाच दोन गोष्टी सापडतात ज्या वरवर वाचून सुटतात. एक म्हणजे "वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी" एवढंच म्हणालात तर ऐकणारा राजधानीतली किंवा वॉशिंग्टन राज्यातली समजणार, दोन्हीकडे मिळत्याजुळत्या नावाच्या युनिव्हर्सिटी आहेत, म्हणून सेंट लुईस म्हणायलाच हवं. दुसरं म्हणजे हा प्रयोग सांगताना बरेच जण "एका गटाने वाचलं, दुसऱ्या गटाने परीक्षा दिली" असं सांगतात. या पेपरच्या पहिल्या प्रयोगात तसं नव्हतं, प्रत्येक विद्यार्थ्याने दोन्ही केलं होतं, फक्त वेगवेगळ्या उताऱ्यांवर, आणि गट पडले होते ते किती वेळाने विचारलं त्यावरून. तुम्ही नाव रोडिगर आणि कार्पिकीचं घेताय, मग प्रयोगही त्यांनी केला तसाच सांगायला लागतो.

आता या चार गोष्टींची वाटणी करायची. तोंडात काय येणार, स्लाइडवर काय राहणार आणि खिशातल्या कागदावर काय राहणार. तोंडात: कोण, ते कोण आहेत हे दोनतीन शब्दात, साल, आणि कोणावर केलं. स्लाइडवर खाली कोपऱ्यात फक्त आडनावं आणि साल, "रोडिगर, कार्पिकी २००६", हे बोलायचं नाही, ते ज्याला टिपून घ्यायचंय त्याच्यासाठी. पूर्ण रेफरन्स शेवटच्या स्लाइडवर किंवा वाटायच्या कागदावर, आणि एक प्रत तुमच्याजवळ. जर्नलचं नाव तोंडी घ्यायचं का? ऐकणारे त्याच विषयातले असतील तर घ्या, त्यांना त्या नावातून लगेच कळतं की पेपर कुठल्या तोडीचा आहे. बाकीच्यांसमोर नाही घेतलं तरी काही बिघडत नाही.

यातली अवघड पायरी म्हणजे वाक्य बांधणं. आपण मराठीत बोलताना नाव शेवटी टाकायची सवय असते. "परीक्षा दिल्याने जास्त लक्षात राहतं, असं रोडिगर आणि कार्पिकी यांचं म्हणणं आहे." कागदावर हे वाक्य चालून जातं कारण वाचणाऱ्याची नजर पुढेमागे जाते. ऐकणाऱ्याला मात्र अर्धं वाक्य होईपर्यंत वाटतं की हे बोलणाऱ्याचंच मत आहे, मग शेवटी कळतं की दुसऱ्याचं होतं, तोपर्यंत तो मनातल्या मनात एकतर मान हलवून किंवा वाद घालून मोकळा झालेला असतो. म्हणून बोलताना माणूस आधी आणि निष्कर्ष नंतर, आणि मध्ये "त्यात त्यांना असं दिसलं की" हा सांधा टाकायचा. शिवाय सगळं एका वाक्यात कोंबायचं नाही. वाक्यं तोडा:

"सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत स्मरणावर काम करणारे दोन मानसशास्त्रज्ञ, रोडिगर आणि कार्पिकी. त्यांनी २००६ मध्ये कॉलेजच्या १२० विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येकाने एक उतारा दोनदा वाचला, आणि दुसरा एकदाच वाचून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचलेला उतारा जास्त आठवत होता. पण ज्यांना आठवड्याने विचारलं त्यांच्यात उलटं झालं, वाचलेल्यातलं साधारण ४२ टक्के, लिहून काढलेल्यातलं ५६."

मोठ्याने म्हणून बघा, शांतपणे बोललं तरी अर्ध्या मिनिटाच्या आसपास होतं, आणि एवढ्यात रेफरन्स तर आलाच, शिवाय गोष्टही सांगून झाली. पाच मिनिटांचा भाग मी मुद्दाम ठेवलाय. तेव्हा आकडे ८१ आणि ७५ होते, वाचनाच्या बाजूने. तो भाग गाळला तर ऐकणारा समजतो की परीक्षा नेहमीच जिंकते, आणि ते या लेखकांनी म्हटलेलं नाही, त्यांचा तर मुद्दाच असा होता की लगेचचा फायदा आणि नंतरचा फायदा वेगळे निघतात. गाळायचंच असेल तर "आठवड्यानंतर" हा शब्द तरी कुठल्याही परिस्थितीत गाळू नका.

आकड्यांबद्दल एक सांगतो कारण इथे फार गोंधळ होतो. ४२ वरून ५६ म्हणजे १४ टक्क्यांचा फरक. कोणी हुशार माणूस भागाकार करतो आणि स्टेजवर म्हणतो, "रोडिगर आणि कार्पिकी सांगतात की ३३ टक्के जास्त लक्षात राहतं." गणित बरोबर आहे, ४२ चा एक तृतीयांश १४ होतो, पण हा आकडा तुम्ही काढलाय आणि नाव त्यांचं लावलंय. ऐकणाऱ्यालाही कळत नाही की हे ३३ कशाचे. एक तर मूळचे दोन आकडे सांगा, नाहीतर "म्हणजे मी हिशोब केला तर साधारण एक तृतीयांश जास्त" असं म्हणा. दशांश चिन्हाच्या पुढचं काहीही तोंडी सांगू नका, आणि एका मुद्द्याला दोनपेक्षा जास्त आकडे कानात राहत नाहीत, बाकीचे स्लाइडवर टाका.

मग क्रियापद. "सिद्ध केलं" हे जवळपास कधीच वापरू नका. एका प्रयोगात काहीतरी आढळतं, दिसतं. नुसती पाहणी असेल, म्हणजे लोकांना काही करायला लावलं नाही, फक्त त्यांची माहिती गोळा केली, तर "अमुक करणाऱ्यांमध्ये तमुक जास्त दिसलं" म्हणायचं, "अमुकमुळे तमुक होतं" म्हणायचं नाही. लेखकांचं मत असेल तर "त्यांचं म्हणणं आहे". पेपर अजून प्रीप्रिंट असेल, म्हणजे दुसऱ्या तज्ज्ञांनी तपासून जर्नलमध्ये यायचा असेल, तर तेही एका वाक्यात सांगा, "हा अजून तपासून छापून आलेला नाही". याने तुमचं वजन कमी होईल असं वाटतं खरं, पण प्रश्नोत्तरात दुसऱ्या कोणी ते काढलं तर त्याहून वाईट.

मर्यादा गाळली की काय होतं याचा एक नमुना तुम्हीही ऐकला असेल. "संवादातला ९३ टक्के भाग शब्दांविना असतो, फक्त ७ टक्के शब्द." ट्रेनिंगमध्ये, भाषणांमध्ये सगळीकडे फिरतं हे, आणि कधीकधी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचं नावही घेतलं जातं, म्हणजे वरवर पाहता रेफरन्स दिला. पण मूळ काम १९६७ चे दोन छोटे अभ्यास. एकात सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरात ऐकवले, दुसऱ्यात एकच शब्द वेगवेगळ्या स्वरात आणि सोबत चेहऱ्यांचे फोटो, आणि प्रश्न एवढाच होता की बोलणाऱ्याला समोरच्याबद्दल काय वाटतंय असं ऐकणाऱ्याला वाटतं. दोन अभ्यासांचे निकाल एकत्र करून शब्दांना ७, स्वराला ३८ आणि चेहऱ्याला ५५ टक्के असे आकडे आले. मेहराबियन यांनी स्वतः नंतर स्पष्ट केलं की हे समीकरण भावना आणि आवडनावड सांगण्यापुरतं आहे, सगळ्या बोलण्याला लागू नाही. आता जर पहिल्यापासून लोकांनी "सुट्या शब्दांवर केलेल्या प्रयोगात" हे तीनचार शब्द तोंडी घेतले असते तर हा आकडा एवढा पसरला असता का? माझ्या मते नसता. म्हणून मी नवीन लोकांना सांगतो की वेळ कमी असेल तर नाव गाळा, युनिव्हर्सिटी गाळा, पण "कोणावर, काय करून" हे ठेवा. "२००६ च्या एका प्रयोगात, कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर" एवढं म्हणालात आणि नावं स्लाइडवर असली तरी ते प्रामाणिक आहे. उलटं, नाव घेतलं आणि प्रयोग गाळला, तर नावाचा नुसता शिक्का उरतो.

यालाच जोडून, तुम्ही मूळ पेपर वाचलाच नसेल आणि तो दुसऱ्या कोणाच्या लेखात भेटला असेल तर? तर तसंच बोला. "अमुक लेखात मी वाचलं, त्यात रोडिगर आणि कार्पिकीच्या प्रयोगाचा उल्लेख आहे, की..." बऱ्याच जणांना हे सांगायची लाज वाटते आणि ते थेट मूळ लेखकाचं नाव घेतात. मग मधल्या माणसाने जी चूक केली असेल, "दोन गट" वगैरे, ती तुमच्या तोंडून मूळ लेखकाच्या नावावर जाते, आणि कोणी विचारलं की पेपरमध्ये नक्की काय होतं तर तुमच्याकडे उत्तर नसतं. शक्य असेल तर मूळ पेपरचा निदान सारांश आणि पद्धतीचा भाग वाचा, वीस मिनिटांचं काम आहे.

लेखक खूप असतील तर पहिलं नाव आणि "त्यांचे सहकारी". लेखी "एट अल." तोंडी म्हणू नका, ऐकायला ते कोणाचं तरी आडनाव वाटतं. आणि एकाच मुद्द्यावर पाच पेपर असतील तर पाचही नावं ओळीने घेतली की ती प्रार्थनेसारखी ऐकू येतात, कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. त्यापेक्षा सगळ्यांचा आढावा घेणारा एखादा पेपर शोधा. आपल्या विषयात असा आहे: जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं आधीचं संशोधन एकत्र तपासलं, आणि त्यात स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागून करणं या दोन गोष्टींना सगळ्यात वरचा दर्जा दिला, पुन्हा वाचणं आणि अधोरेखित करणं खालच्या दर्जात गेलं. मग भाषणात एक प्रयोग सविस्तर आणि त्यानंतर "हे एकाच प्रयोगात दिसलं असं नाही, डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दहा पद्धती तपासल्या तेव्हाही..." एवढं पुरे झालं.

आता एक जागा जिथे जवळजवळ प्रत्येक जण घसरतो: दुसऱ्याचं कुठे संपलं ते सांगणं. सुरुवात आपण नीट करतो, "रोडिगर आणि कार्पिकी यांना असं दिसलं", आणि मग बोलण्याच्या ओघात "म्हणून शाळांनी दर आठवड्याला चाचणी घ्यावी" हेही त्याच श्वासात येतं. ऐकणाऱ्याला वाटतं हेही त्या दोघांनी सांगितलंय! त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, शाळेची दर आठवड्याची चाचणी हा तुमचा विचार. लेखात परिच्छेद बदलला की कळतं, बोलताना ते तुम्हालाच ऐकवावं लागतं. निष्कर्ष सांगून झाला की थांबा, एक पूर्ण श्वास घ्या, आणि "इथपर्यंत त्यांचं, आता यावरून मला काय वाटतं" किंवा "हे पुढचं माझं मत" म्हणा. कोणाचे शब्द जसेच्या तसे वाचणार असाल तरी हेच, आधी "त्यांच्याच शब्दात" म्हणायचं, हातात कागद घेऊन वाचायचं म्हणजे दिसतंही, आणि वाचून झालं की कागद खाली ठेवायचा. शब्द इंग्रजी असतील आणि तुम्ही मराठीत सांगत असाल तर "मराठी माझं" एवढं जोडा.

तोच पेपर दहा मिनिटांत परत आला तर पुन्हा सगळी ओळख नको, "तो उताऱ्यांचा प्रयोग" म्हणालात की लोकांना आठवतो. आडनावापेक्षा प्रयोगात काय केलं हे लोकांना जास्त लक्षात राहतं, म्हणून पहिल्या वेळीच त्याला असं एक छोटं टोपणनाव देऊन ठेवलं तर पुढे सोपं जातं. मध्ये दुसरा पेपर येऊन गेला असेल तर मात्र नाव परत घ्या. आणि नावांचा उच्चार आदल्या दिवशी बघून ठेवा, त्या माणसाचा एखादा मुलाखतीचा व्हिडिओ मिळाला तर त्यात सूत्रसंचालक नाव घेतोच. नाहीच सापडला तर "सेंट लुईसच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी" म्हणा आणि नाव स्लाइडवर राहू दे, अडखळत तीनदा म्हणण्यापेक्षा बरं.

सराव करताना मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि विषय माहीत नसलेल्या कोणाला तरी ऐकवा. ऐकून झाल्यावर दोनच प्रश्न विचारा: यातलं काय माझं आणि काय दुसऱ्याचं? आणि त्या दुसऱ्याने हे कोणावर करून बघितलं होतं? पहिल्याचं उत्तर चुकलं तर तुमचा शेवटचा थांबा कमी पडलाय, दुसऱ्याचं चुकलं तर ओळखीचं वाक्य फार घाईत गेलंय किंवा लांबलंय. "चांगलं झालं का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. रेकॉर्डिंग स्वतः ऐकताना "संशोधन सांगतं", "शास्त्रज्ञ म्हणतात", "सगळ्यांना माहीतच आहे" हे शब्द कुठे येतात ते टिपा, हे बहुतेक वेळा तिथेच येतात जिथे आपल्याकडे पेपर नसतो, मग एकतर पेपर शोधा किंवा तो मुद्दा स्वतःचं मत म्हणून सांगा.

शेवटी प्रश्नोत्तरं. "याचा सोर्स काय?" असं कोणी विचारलं की घाबरून अख्खा रेफरन्स वाचायला जाऊ नका. शेवटच्या स्लाइडवर पूर्ण यादी ठेवलेली असते ती उघडा, बोटाने ओळ दाखवा, आणि तोंडाने एवढंच: "तिसरी ओळ, २००६ चा, फोटो काढून घ्या." प्रश्न पेपरच्या आतला असेल, उदाहरणार्थ "उतारे किती वेळ वाचायला दिले होते?", तर खिशातला कागद काढा, वाचन सात सात मिनिटांचं होतं हे त्यावर लिहिलेलं असेल तर सांगा, नसेल तर "माझ्याकडे आत्ता नाही, पेपरमध्ये पद्धतीच्या भागात सापडेल" म्हणा आणि पुढचा प्रश्न घ्या.